किल्ली हातात आली, घड्याळ मात्र गेले

गेल्या पावसाळ्यात पोलादपूर तालुक्यातील एका कार्यकर्त्याच्या घरी जाण्याचा योग आला. चहा झाला, शाखेचा विषय झाला आणि निघता निघता त्यांच्या कन्येने हळूच विचारले, "काका, मला दुकानात सुपरवायझर करतायत. घेऊ का?" मुलगी महाडच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात दोन वर्षांपासून विक्रीचे काम करते. घरच्या मंडळींना अर्थातच आनंद झाला होता. आईने देवापुढे साखर ठेवली होती. अशा वेळी "घे" एवढे म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण मुलीच्या प्रश्नात जो संकोच होता, तो मला ओळखीचा वाटला. तिने बढतीचे कागद पाहिले होते आणि त्यातले काहीतरी तिला जुळत नव्हते.

महाड-पोलादपूर पट्ट्यातील घरांना नोकरी म्हणजे मुंबई हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा आधार सुटला. पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीने काही हातांना काम दिले. आता महामार्गालगत आणि बाजारपेठेत मोठी दुकाने आली आहेत. बारावी झालेल्या, गाव न सोडता काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी, विशेषतः मुलींसाठी, ही नोकरी पहिली पायरी ठरते. म्हणून तिच्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. परकीय गुंतवणुकीच्या दुकानांविरुद्ध आपण २०१२ साली आवाज उठवला, तो योग्यच होता. पण काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीचे तास आपल्या गावच्या, आपल्याच विचारांच्या व्यापाऱ्याकडेही कुणी मोजत नाही, हे मान्य करायला संकोच कशाला?

त्या मुलीचे कागद असे होते. (आकडे मी हिशेब समजावा म्हणून गोळाबेरीज करून घेतो.) विक्रेती म्हणून तिला महिन्याला १३,००० रुपये मिळत. आठवड्याला सहा दिवस, रोज आठ तास. सुपरवायझर झाल्यावर १५,५०० मिळणार होते. अडीच हजारांची वाढ, म्हणजे वरवर पाहता एकोणीस टक्के. परंतु दुकानाची किल्ली आता तिच्याकडे राहणार होती. सकाळी शटर उघडणे, झाडलोट पाहणे, रात्री गल्ला जुळवणे, माल मोजणे आणि कुलूप लावणे हे सारे तिचे. तास विचारले, तेव्हा उत्तर आले, "काम संपेपर्यंत." प्रत्यक्षात ते अकरा तास होत होते.

आता भागाकार करून पाहू. १३,००० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागले की ताशी साडेबासष्ट रुपये येतात. १५,५०० ला २६ दिवस आणि ११ तासांनी भागले की ताशी सुमारे चोपन्न रुपये येतात. पद वाढले, पगार वाढला, पण तासाचा मोबदला आठ रुपयांनी घटला! साखर देवापुढे ठेवण्याआधी हा भागाकार कुणी केला नव्हता.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्यात दडलेली आहे आणि ती बहुतेक घरांना ठाऊक नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा त्याहून अधिक कामगारांच्या दुकानात दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती दिली, आणि जादा तासांना दुप्पट मजुरी ठरवली. स्त्री कामगाराला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीवाचून थांबवता येत नाही. संमती दिली तरी तिच्या संरक्षणाची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची. पण याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की व्यवस्थापकीय, विश्वासाच्या किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदावरील व्यक्तीला हा कायदा लागू होत नाही. अशा पदांची यादी दुकानाने संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावायची असते. म्हणजे 'सुपरवायझर' हा शब्द नेमणूकपत्रावर चढला की तासांचे कुंपण, दुप्पट मजुरी आणि रात्रीचे संरक्षण ही तीनही एकदम निसटू शकतात. किल्ली हातात आली, घड्याळ मात्र गेले!

हीच मुलगी विक्रेती राहून जादा तास करती तर काय झाले असते? मूळ कायद्यात जादा कामाची मर्यादा तिमाहीला १२५ तास होती, म्हणजे महिन्याला साधारण एकेचाळीस. तासाला दुप्पट, १२५ रुपये, असे धरले तर ५,१२५ रुपये होतात आणि एकूण १८,१२५. सुपरवायझरच्या पगाराहून अडीच हजारांनी अधिक, आणि तेही कमी तास राबून. अर्थात मालक जादा मजुरी दप्तरी लावतो की नाही, हा प्रश्न उरतोच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पर्यवेक्षक कोण, हे पाटीवरून ठरत नाही; न्यायालये आजवर प्रत्यक्ष काम काय आहे हेच पाहत आली आहेत. तिला कुणाची रजा मंजूर करता येते का? कामाची वाटणी ती ठरवते का? हाताखालच्यांच्या कामाबद्दल तिचे मत घेतले जाते का? या तिन्हींना नाही असे उत्तर असेल आणि ती दिवसभर साड्यांच्या घड्या घालत, बिले करत असेल, तर ती विक्रेतीच आहे. केवळ किल्ली सांभाळणारी विक्रेती. नेमणूकपत्रात कामाचे स्वरूप लिहून मागावे, ते याचसाठी.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊचे दहा तास करण्यास आणि कायद्याच्या कक्षेसाठी दहाऐवजी वीस कामगारांची अट ठेवण्यास मान्यता दिली. मुंबईच्या मॉलला याने फारसा फरक पडत नाही. महाडच्या बाजारात मात्र वीस कामगार असलेली दुकाने किती, हे कुणीही एका फेरीत मोजू शकेल. उद्योग सुलभ व्हावेत हे आपल्याला मान्य आहे. पण कुंपणच हलवले गेले की आतल्या गाईंचे काय, हे विचारण्याचा अधिकारही आपलाच आहे.

इन्सेंटिव्हबद्दलही थोडे. जाहिरातीत 'तीन हजारांपर्यंत' असे लिहिलेले असते. यातला 'पर्यंत' हा शब्द सर्वांत महागडा. समजा महिन्याचे लक्ष्य दोन लाखांचे आहे; ते पूर्ण झाले तर विक्रीच्या एक टक्का, नव्वद ते शंभर टक्क्यांत अर्धा टक्का, आणि नव्वदच्या खाली शून्य. पावसाच्या दोन महिन्यांत विक्री १,६०,००० आणि १,७८,००० झाली. दुसऱ्या महिन्यात एकोणनव्वद टक्के गाठूनही हातात काही नाही, कारण रेषा दोन हजारांनी चुकली. गणपतीच्या महिन्यात २,३०,००० आणि दिवाळीच्या महिन्यात २,६०,००० झाली. मिळाले २,३०० आणि २,६००. पुढचे दोन महिने १,९०,००० आणि १,९६,०००; मिळाले ९५० आणि ९८०. सहा महिन्यांची बेरीज ६,८३० रुपये, म्हणजे महिन्याला अकराशे अडतीस. घरखर्च, कर्जाचा हप्ता किंवा भावाची फी ठरवताना हा आकडा धरावा, जाहिरातीतला नव्हे.

कोकणातल्या पावसाला हे लक्ष्य ठरवणाऱ्या कार्यालयात जागा नसते. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा कसले लक्ष्य आणि कसली टक्केवारी! एवढे मोठे संकट सोडा. सावित्रीचे पाणी वाढू लागले की ग्राहक घरी बसतो आणि दुकानातली मुले मात्र माल वरच्या मजल्यावर चढवत असतात. त्या दिवसाचे लक्ष्य वजा होते का, हे आधीच विचारून घ्यावे. तसेच दिवाळीची उंच विक्री पुढच्या वर्षाचे लक्ष्य ठरवायला वापरली जाते का, हेही. जिथे चांगले काम केल्याची शिक्षा म्हणून लक्ष्य वाढते, तिथे हुशार मुले डिसेंबरात हात आखडता घेऊ लागतात आणि मग व्यवस्थापक त्यांना आळशी म्हणतो.

सुपरवायझर झाल्यावर हा हिशेब पुन्हा बदलतो. आता मोबदला स्वतःच्या विक्रीवर नसतो, तर साऱ्या दुकानाच्या लक्ष्यावर असतो. उत्तम विक्रेती असलेल्या मुलीचे यात नुकसानच होते. त्यात माल कमी भरला की 'शॉर्टेज' तिच्या पगारातून कापण्याची रीत आहे. मालाच्या हानीबद्दलची कपात करायची, तर तो माल तिच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असावा लागतो, हानी तिच्याच हलगर्जीपणाने झालेली असावी लागते आणि तिला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. पाच मुली, दोन हमाल आणि एक मालक ज्या गोदामात ये-जा करतात, त्याची तूट एकटीच्या माथी मारणे यात बसत नाही.

आणि त्यापुढे काय? एका सुपरवायझरमागे दहा-बारा विक्रेते असतात. चोवीस जणांच्या दुकानात अशी दोन पदे. ती भरली की तिसऱ्याने कुणी जाण्याची वाट पाहायची. एकाच दुकानाचा धंदा असेल तर तिथून वर जाण्याला वाव जवळजवळ नाही. साखळी दुकान असेल तर नवी जागा निघते ती नव्या दुकानात, म्हणजे माणगावला, खेडला किंवा पनवेलला. बढती म्हणजे बदली, हे मुलीच्या घरच्यांनी आधी समजून घ्यावे. सध्याचे सुपरवायझर याच दुकानात विक्रेते म्हणून लागले होते की बाहेरून आणले, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते. दोघेही बाहेरचे असतील, तर "इथे मोठी संधी आहे" या वाक्याला फारसा अर्थ नाही.

भारतीय मजदूर संघाने राष्ट्रहित, उद्योगहित आणि श्रमिकहित ही तीन सूत्रे एकत्र गुंफली. आपल्यातील जे व्यापारी बंधू महाड, पोलादपुरात दुकान चालवतात, त्यांनी सुपरवायझरच्या नेमणूकपत्रावर तास लिहावेत, एवढी माझी विनंती आहे. दहा लिहा, पण लिहा. लिहिलेले तास मोजता येतात.

त्या मुलीला मी "घेऊ नकोस" असे म्हटले नाही. मालकाला तीन गोष्टी लिहून मागायला सांगितल्या: तास, रात्री पोलादपूरला परत पोहोचवण्याची सोय आणि शॉर्टेजची जबाबदारी. मालक माणूस वाईट नव्हता. पहिल्या दोन त्याने मान्य केल्या, आठवड्यातून तीन दिवस कुलूप दुसऱ्याने लावायचे असे ठरले. तिसरीवर अजून बोलणे चालू आहे.