कारणावाचून गुण नकोत

वर्गातील वादविवादात बहुधा मोठ्या आवाजाचा वक्ता जिंकतो. हा दोष मुलांचा नसून आखणीचा असतो. इयत्ता नववीसाठी विषय घेऊ: 'मतदानाचे वय 16 करावे.' 1989 साली आपल्याकडे ते 21 वरून 18 झाले. ऑस्ट्रियाने 2007 मध्ये 16 केले.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत पहिली दहा मिनिटे तयारीची. दोन्ही गटांनी दोन्ही बाजू तयार कराव्यात. नाणेफेक आठव्या मिनिटाला व्हावी. मग अनुकूल व प्रतिकूल आळीपाळीने, तीन-तीन मिनिटांची चार भाषणे. दोन मिनिटांच्या विचारविनिमयानंतर दोन-दोन मिनिटांचे समारोप. त्यांत प्रतिकूल बाजू आधी बोलेल. बदल सिद्ध करण्याचा भार अनुकूल बाजूवर असल्याने शेवटचा शब्द तिचा. मात्र समारोपातील नव्या मुद्द्यास गुण नाहीत, कारण त्याला उत्तर देण्याची संधी उरत नाही.

एकूण गुण वीस: पुरावा 8, प्रतिवाद 8, मांडणी 4. पहिल्या वक्त्यापुढे खोडण्यास काहीच नसते, म्हणून गुण व्यक्तीस नव्हे, गटास द्यावेत. तीन विद्यार्थी-परीक्षकांनी आपसांत न बोलता प्रत्येक भाषणानंतर लगेच टिपण करावे. 'छान बोलला' हे कारण नव्हे. 'ऑस्ट्रियाच्या दाखल्यास उत्तर नाही, म्हणून प्रतिवाद 2' हे कारण. व्हाउचरावाचून खात्यात नोंद होत नाही, तसेच हे. उरलेल्या बारा मिनिटांत गुण मांडून ती कारणे वाचावीत. आपण कोठे उणे पडलो, हे हरलेल्या गटाला तेव्हाच कळते.