‘चोर’ लिहू नका, चारशे दिरहम लिहा

आपल्या कॅम्पांमध्ये एक खूळ पसरलंय. पगार कापला की पहिला हात मोबाइलकडे जातो. मग व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट, त्यात कंपनीचं नाव, मॅनेजरचं नाव, आणि पुढे चोर, हरामखोर, रक्तपिपासू. गावाकडून लगेच अंगठे येतात. ‘वाघा, सोडू नकोस!’ अंगठा देणारा बीडमध्ये नाहीतर सोलापुरात बसलेला असतो. दुबईच्या पोलीस ठाण्यात त्याला कोणी बोलावणार नसतं. बोलावणं तुम्हाला येतं.

मी साइटवर सुपरवायझर आहे, वकील नाही. पण गेल्या वर्षी माझ्याच साइटवरच्या एका शटरिंग सुताराची खरी तक्रार चार शब्दांपायी कशी बुडाली, ते मी जवळून पाहिलं. म्हणून हे लिहितोय.

त्याचा करार 1,500 दिरहमचा, जेवणाच्या भत्त्यासकट. फेब्रुवारीचा पगार पूर्ण आला. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत प्रत्येकी 1,100 जमा झाले. स्लिपवर नुसतं ‘अदर डिडक्शन 400’. म्हणजे 1,200 दिरहमचा साधा, सरळ हिशेब. कागद त्याच्याकडे होते. पण त्यानं आधी दोनेकशे जणांच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली आणि मग तेच शब्द तक्रारीत लिहिले:

‘कंपनी चोर आहे. पगार कधीच पूर्ण देत नाही. कॅम्प बॉस गुंड आहे, सगळ्यांना धमक्या देतो. पासपोर्ट दाबून ठेवलेत. आम्हाला गुलामासारखं वागवतात.’

मिनिस्ट्रीत समझोत्याची बैठक लागली तेव्हा कंपनीच्या पीआरओनं 400 दिरहमबद्दल बोलायचंच टाळलं. त्यानं दोन गोष्टी पुढे केल्या. एक, फेब्रुवारीच्या पूर्ण पगाराची नोंद. ‘कधीच नाही’ तिथेच खोटं पडलं आणि एक वाक्य खोटं पडलं की बाकीच्यांकडेही संशयानं बघितलं जातं. दुसरी, ती व्हॉइस नोट. बाहेर आल्यावर पोलीस केसची भाषा सुरू झाली. शेवटी ते पोलिसांत जाणार नाहीत आणि हा तक्रार मागे घेईल, असा सौदा झाला. ज्याचे पैसे गेले तोच माफी मागून घरी आला.

आता तुम्ही म्हणाल, पण तो खरं बोलत होता ना? इथेच आपण फसतो. भारतात बदनामीच्या कायद्यात, लोकहितासाठी खरी गोष्ट सांगितली तर तो अपवाद धरला जातो. तीच समजूत आपण बॅगेत भरून इकडे आणतो. अमिरातीत 2021 चा 34 क्रमांकाचा सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे, 2 जानेवारी 2022 पासून लागू. त्याच्या 43 व्या कलमात नेटवरून किंवा फोनसारख्या साधनावरून दुसऱ्याचा अपमान करणं तर गुन्हा आहेच, पण लोकांच्या नजरेतून तो उतरेल अशी घटना त्याच्या नावावर लावणं हाही गुन्हा आहे. शिक्षा कैद, किंवा अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. अडीच लाख म्हणजे त्या सुताराचा जवळजवळ 14 वर्षांचा पगार. आणि ‘ग्रुपवर नाही, त्याला एकट्यालाच पाठवलं’ म्हणून सुटका होत नाही. एकट्याला पाठवलेल्या शिवीवरही इथे केस होते.

हा कायदा मजुराच्या तोंडावर हात ठेवणारा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कायदा वाईट आहे म्हणून त्याच्या दातात स्वतःचं बोट घालायचं काही कारण नाही.

यावर काही मित्र मला बोटचेपा म्हणतात. सौम्य शब्द म्हणजे मालकाची चमचेगिरी, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी साइटवरचीच गोष्ट सांगतो. ओतकामात कॉलमला हनीकोंब निघालं तर आपण एनसीआर लिहितो. त्यात ‘ठेकेदार बेइमान आहे’ असं लिहितो का? आपण लिहितो: अमुक ग्रिडचा कॉलम, अमुक तारखेला ओतला, तळापासून 300 मिलिमीटरवर पोकळी, सळई उघडी, फोटो जोडला. तेवढ्यावर ठेकेदाराला कॉलम फोडून पुन्हा भरावा लागतो. बेइमान लिहिलं असतं तर त्यानं बेइमानीवर वाद घातला असता आणि कॉलम तसाच राहिला असता. तक्रार ही आपल्या पगाराची एनसीआर आहे.

मग त्या सुताराचा कागद कसा असायला हवा होता? एकेक वाक्य घेऊ.

‘कंपनी चोर आहे.’ चोरी हे गुन्ह्याचं नाव आहे. ते सिद्ध करायची जबाबदारी तुम्ही उगाच अंगावर घेता. लिहा: ‘करारात एकूण पगार 1,500 दिरहम आहे. मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत प्रत्येकी 1,100 जमा झाले. स्लिपवर ‘अदर डिडक्शन 400’ आहे. एकूण फरक 1,200 दिरहम. करार, तीन स्लिपा आणि बँकेचा उतारा जोडला आहे.’ आता वाद घालायचा तर त्यांना आकड्याशी घालावा लागेल. कंपनीनं काही कारण सांगितलं असेल तर तेही त्यांच्याच शब्दांत लिहा: ‘विचारल्यावर टाइमकीपर म्हणाला, ‘रूम का पैसा है’. करारात राहण्याची सोय मोफत लिहिली आहे.’ समोरच्याची बाजू लिहिली म्हणून तुमची कमजोर होत नाही. उलट ते उद्या दुसरं कारण सांगू लागले तर फरक कागदावर दिसतो.

‘कॅम्प बॉस गुंड आहे, सगळ्यांना धमक्या देतो.’ इथे तीन चुका आहेत. ‘गुंड’ हे लेबल. ‘सगळ्यांना’ हे तुम्हाला माहीत नाही, तुम्हाला फक्त स्वतःचं माहीत आहे. आणि ‘धमकी’ हा तुमचा अर्थ झाला, त्याचे शब्द नव्हेत. लिहा: ‘14 जूनला रात्री आठच्या सुमारास मी कॅम्प ऑफिसात पगाराबद्दल विचारलं. कॅम्प बॉस म्हणाले, ‘ज्यादा बोलेगा तो टिकट काट देंगे.’ त्या वेळी खोलीत आणखी दोघे होते.’ ही धमकी आहे की नाही ते वाचणारा ठरवील, आणि बरोबरच ठरवील. शब्द ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत ठेवा, सुधारू नका, तिखट करू नका. नक्की आठवत नसेल तर अवतरण चिन्ह लावू नका, ‘अशा अर्थाचं बोलले’ असं लिहा. त्याच रात्री वहीत तारीख-वेळ घालून टिपून ठेवायची सवय लावा. पण चोरून रेकॉर्डिंग करू नका. त्याच कायद्याचं 44 वं कलम परवानगीशिवाय केलेल्या रेकॉर्डिंगवर आणि फोटोंवर आहे. तुमचा पुरावाच तुमच्यावर उलटेल.

‘पासपोर्ट दाबून ठेवलेत.’ इथला कामगार कायदा कामगाराची कागदपत्रं ठेवून घ्यायला मालकाला मनाई करतो, म्हणजे हा मुद्दा भक्कम आहे. त्याला ‘दाबून’ची गरज नाही. लिहा: ‘12 जानेवारीला कॅम्प ऑफिसात पासपोर्ट दिला. पावती मिळाली नाही. 14 जूनला परत मागितला. उत्तर मिळालं, ‘छुट्टी के टाइम मिलेगा.’ आजपर्यंत मिळालेला नाही.’

‘गुलामासारखं वागवतात.’ हे वाक्य पूर्ण काढा. त्यामागे काही घडलेलं असेल तर ते लिहा. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला बंदी आहे. त्या वेळेत काम घेतलं असेल तर तारीख, वेळ आणि जागा लिहा. घडलेलं काहीच सापडत नसेल तर ते वाक्य तक्रारीत नको. बायकोशी फोनवर बोला, मन मोकळं करा, पण कागदावर नको.

शेवटी मागणी लिहा. ‘1,200 दिरहम आणि माझा पासपोर्ट परत मिळावा.’ ‘न्याय मिळावा’ एवढंच लिहिलं तर अधिकारी काय देणार?

दोन गोष्टी अजून राहिल्या. पहिली टाइपिंग सेंटरची. आपण हिंदीत सांगतो, तो अरबीत टाइप करतो. तुम्ही सहज ‘फसवलं’ म्हणता, अरबीत तिथे फसवणुकीच्या गुन्ह्याचा शब्द बसतो. सही करण्याआधी एकेक ओळ हिंदीत वाचून घ्या. आकडे, तारखा आणि नावं स्वतः तपासा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शब्द कितीही मोजून लिहिले तरी तो कागद ग्रुपवर, फेसबुकवर किंवा टिकटॉकवर टाकला की धोका परत आला. कारण 43 वं कलम शिवीवर थांबत नाही, घटनेपर्यंत जातं. खऱ्या आणि मोजक्या तक्रारीची जागा मनुष्यबळ मंत्रालय, म्हणजे आपण ज्याला मोहरे म्हणतो ते. त्यांच्या अॅपवर किंवा 80084 या कामगार तक्रारींच्या नंबरवर. तिथे 14 दिवसांत समझोता करायचा प्रयत्न होतो, आणि 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यावर 2024 पासून मंत्रालय स्वतःच निकाल देऊ शकतं. म्हणजे जो अधिकारी तुमचा कागद वाचतो तोच निकाल देणारा असू शकतो. त्याच्यासमोर चारशेचा आकडा ठेवायचा की ‘चोर’ हा शब्द, हे तुम्ही ठरवा.

आणि गावाकडून अंगठे पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तुमच्या पोराला, भावाला पुढच्या वेळी ‘वाघा’ म्हणू नका. ‘स्लिप जपून ठेवलीस का, तारीख टिपलीस का’ ते विचारा. तो सुतार आजही त्याच कंपनीत आहे. त्याचे 1,200 दिरहम कंपनीच्या खात्यात आहेत, आणि ती व्हॉइस नोट अजून पीआरओच्या मोबाइलमध्ये.