‘कबूल नाही’ एवढ्यानं भागत नाही



कोर्टाचं समन्स आलं की कोणी ते छपरात खोचून ठेवतं, कोणी आर्वीला जाऊन कोऱ्या कागदावर अंगठा देऊन येतं. जमीन दोन्ही वाटांनी जाऊ शकते.

एक नमुना घेऊ. बिगर-आदिवासी शेजाऱ्यानं दावा लावला. दाव्यात लिहिलं, ‘प्रतिवादीने २०१५ साली ४०,००० रुपये घेऊन ३ एकर जमीन वादीस दिली. तेव्हापासून वहिवाट वादीची आहे. प्रतिवादी अडथळा करतो, म्हणून कायम मनाई हुकूम व्हावा.’

आधी गट नंबर आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी, नकाशाशी ताडून पाहा. नाला पूर्वेऐवजी पश्चिमेला दाखवला, तर तुमचं वावर त्याच्या हद्दीत जाऊन बसतं. चूक असेल तर जबाबात तसं लिहा.

मग लेखी जबाब. समन्स मिळाल्यापासून मुदत ३० दिवसांची, कारण दाखवलं तर कोर्ट ९० पर्यंत वाढवू शकतं. ‘दाव्यातला मजकूर खोटा आहे’ असं मोघम लिहू नका. जी गोष्ट नेमकी नाकारली नाही, ती कबूल धरली जाऊ शकते. ‘४० हजार घेतले नाहीत’ हेही अपुरं. मग ३० घेतले का? कायद्यातच (ऑर्डर ८, रूल ४) सांगितलंय की ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही असं लिहावं, नाहीतर किती घेतले ते सांगावं. आजारपणात ५ हजार उसने घेतले असतील तर तेच लिहा, की उसने होते, जमिनीचे नव्हते. वहिवाटीचं वेगळं नाकारा: ‘वादीची वहिवाट कधी नव्हती, आजही नाही, मी पेरतो.’ पण वावर खरंच त्याच्या हातात असेल तर असं लिहू नका, उलटतपासणीत उघडं पडतं. बळजबरीनं कोणत्या महिन्यात घुसला ते सांगा.

अशा वेळी प्रतिदावा लागतो. त्याचा दावा फेटाळला तर त्याला मनाई मिळत नाही, एवढंच. ताबा तुम्हाला आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो. कोर्ट फी वेगळी पडते. फायदा असा की हरतोय असं दिसून त्यानं दावा काढून घेतला, तरी प्रतिदावा चालू राहतो. पण घुसखोरी तुमचा जबाब देण्याआधीची (किंवा जबाबाची मुदत संपण्याआधीची) हवी. नंतरची असेल तर वेगळा दावा.

एक गोष्ट वकीलही विसरतात. १९७४ पासून जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, जमीन महसूल संहिता कलम ३६-अ. ‘परवानगी नव्हती’ हे वाक्य जबाबात हवंच. मात्र त्या कारणावर जमीन परत देण्याचा निर्णय दिवाणी कोर्ट करू शकत नाही, कलम ३६-क आडवं येतं. तो अर्ज महसूल खात्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं, आणि त्याची पोच घेतलेली प्रत जबाबासोबत जोडावी.