विश्लेषण : शंभरपर्यंत अंक पाठ, तरी ‘आठ आणि पाच’ला अडते कुठे? बालवाडीत दहा मण्यांची माळ का हवी?

मोठ्या गटातले मूल एक ते शंभर घडाघडा म्हणते, चौकटीच्या वहीत लिहूनही दाखवते. तेच मूल पहिलीत गेल्यावर ‘आठ आणि पाच किती?’ असे विचारले की आठ बोटे उघडते, पुढची पाच मोजायला जाते आणि बोटे संपल्यावर गोंधळते. पालकांना वाटते, मुलाचे गणित कच्चे आहे. प्रत्यक्षात त्याला शंभरापर्यंतची रांग येते, पण दहा ही संख्या फुटते कशी आणि जुळते कशी, हे त्याने कधी हाताळलेलेच नसते. ही उणीव भरून काढायला दोरीत ओवलेले दहा मणी आणि नंतर एक साधा ‘जोड्या लावा’चा कागद पुरतो. क्रम मात्र हाच हवा. बहुतेक वर्गांत तो उलटा असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

दहाच्या जोड्या म्हणजे काय?

नऊ आणि एक, आठ आणि दोन, सात आणि तीन, सहा आणि चार, पाच आणि पाच. यात दहा आणि शून्य धरले, तर दहाच्या एकूण सहा जोड्या होतात. त्या न मोजता सुचू लागल्या, की आठ आणि पाचची बेरीज सोपी होते. आठला दहा व्हायला दोन हवेत. ते पाचातून घेतले की तीन उरतात. दहा आणि तीन, म्हणजे तेरा. दुसरीत ‘३८ + २५’ करताना ‘हातचा एक’ येतो, तो हाच दहा असतो. ज्याने हा दहा स्वतः जुळवलेला नाही, त्याच्यासाठी हातचा म्हणजे ताईंनी सांगितला म्हणून वर लिहायचा एक आकडा.

मराठी मुलांसाठी हे आणखी महत्त्वाचे आहे. अकरा, बारा, तेरा या शब्दांत ‘दहा आणि एक’, ‘दहा आणि दोन’ असे ऐकू येत नाही. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात कोणाचे काहीही मत असो, शब्दांत दहा लपत असेल तर तो डोळ्यांना दिसला आणि हाताला लागला पाहिजे, एवढे मान्य व्हायला हरकत नाही.

माळ कशी करावी?

साधारण एक सेंटिमीटरचे दहा मणी घ्यावेत. पाच लाल, पाच पांढरे. बुटाच्या नाडीचा सुमारे ३० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्यात आधी पाचही लाल, मग पाचही पांढरे ओवावेत आणि दोन्ही टोकांना पक्की गाठ मारावी. मणी दहा सेंटिमीटर जागा घेतात, उरलेली नाडी ते सरकवायला मोकळी राहते. बारीक दोरा वापरू नये, त्यावर मणी आपोआप घसरतात आणि मुलाने केलेले दोन भाग पुन्हा एक होतात. नाडीवर मणी सरकवला तिथे थांबतो. माळ गळ्यात घालता येईल एवढी लांब नसावी. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल, तर खेळ संपल्यावर ती उचलून ठेवावी, कारण सुटलेला मणी तोंडात जाऊ शकतो.

रंग एकाआड एक ओवले तर माळ सुंदर दिसते, पण उपयोग संपतो. तीन-चार वस्तू डोळ्यांना एका नजरेत कळतात, त्यापुढे मोजावे लागते. पाच-पाचचे दोन रंग सलग असतील तर ‘सात’ म्हणजे ‘सगळे लाल आणि दोन पांढरे’ असे मुलाला दिसते. नेदरलँड्समधील गणितशिक्षणतज्ज्ञ एड्रियन ट्रेफर्स यांनी तयार केलेल्या दोन रांगांच्या मणिचौकटीतही प्रत्येक रांगेत पाच-पाच मण्यांचे असेच दोन रंग असतात.

खेळ कसा चालतो?

पहिले काही दिवस फक्त फोडायचे. मूल माळ ताणून धरते, ताई काही मणी डावीकडे सरकवतात आणि मूल दोन्ही भाग सांगते : ‘सात आणि तीन.’ इथे प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा : ‘आणि माळेत सगळे मिळून किती?’ जे मूल पुन्हा पहिल्या मण्यापासून मोजू लागते, त्याला मणी सरकवल्याने एकूण संख्या बदलत नाही, हे अजून पटलेले नाही. त्याच्याकडून जोड्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. आणखी काही दिवस त्याला फोडूच द्यावे.

हे पक्के झाले की लपवायचे. ताई उजवीकडचे मणी मुठीत झाकतात. समजा, बाहेर सहा मणी आहेत.

‘मुठीत किती लपले?’

मूल बाहेरचे बघते : पाच लाल, एक पांढरा. पांढरे एकूण पाच, त्यातला एक बाहेर, म्हणून आत चार. हा विचार मूल नेहमी बोलून दाखवत नाही, पण त्याची नजर पांढऱ्या मण्यावर थांबलेली दिसते. ‘चार’ म्हणाल्यावर मूठ उघडायची. उत्तर बरोबर की चूक, हे ताईंनी नव्हे, माळेने सांगायचे. मग तीच माळ उलटी फिरवायची. आता बाहेर चार आणि मुठीत सहा. काही मुलांना ही नवीनच जोडी वाटते, म्हणून माळ फिरवणे वगळू नये.

नंतर मूठ मुलाची आणि उत्तर ताईंचे. ताईंनी कधी मुद्दाम चुकावे. ‘नाही ताई, तीन नाही, चार!’ असे मूल ठामपणे म्हणाले तर जोडी त्याची झाली. तीस मुलांच्या वर्गात ताई प्रत्येकाकडे पोहोचू शकत नाहीत. तिथे दोघांत एक माळ द्यावी आणि मुलांनी आळीपाळीने लपवावे.

‘एक नऊ दहा, दोन आठ दहा’ अशी उजळणी घेणे सोपे पडते. पण तशी पाठ केलेल्या मुलाला मधूनच ‘सातला किती हवेत?’ विचारले, की ते ‘एक नऊ दहा’पासून सुरुवात करते. त्याला रांग येते, जोडी नाही. बोटे वापरणाऱ्या मुलाला मात्र रागावू नये. बोटेही पाच आणि पाचच असतात. सात बोटे एकदम उघडून मिटलेल्या तीन बोटांकडे बघणारे मूल बरोबर वाटेवर आहे.

जोड्या लावायचा कागद कसा असावा?

नेहमीच्या कागदावर डावीकडे पाच चित्रे आणि उजवीकडे पाच अंक असतात. त्यातल्या चार रेघा बरोबर आल्या की पाचवी आपोआप येते. अंक क्रमाने छापले असतील तर मूल तिरक्या रेघांचा आकार पाहूनच जोडत जाते. असा पूर्ण बरोबर कागद काहीच सांगत नाही.

त्यापेक्षा डावीकडे मूठ आणि माळेची पाच चित्रे काढावीत, ज्यात अनुक्रमे ७, ५, ९, ६ आणि ८ मणी बाहेर दिसतील. उजवीकडे सात अंक लिहावेत : ४, १, ७, ५, २, ३, ६. म्हणजे ७ आणि ६ हे दोन अंक उरले पाहिजेत. ‘दोन अंकांना जोडीदार मिळणार नाही,’ हे मुलांना आधीच सांगावे.

आता चुका बोलू लागतात. सात मण्यांचे चित्र ७ला जोडले असेल, तर मुलाने ‘सारखे ते जोडा’ असा अर्थ घेतला आहे. त्याला गणित नव्हे, सूचना कळलेली नाही. तेच चित्र ४ला जोडले असेल, तर ते सातव्या मण्यापासून ‘सात, आठ, नऊ, दहा’ असे मोजून चार म्हणाले आहे. त्याला पुन्हा मुठीचा खेळ द्यावा. सगळे बरोबर असेल, तर कोणत्याही एका रेघेवर बोट ठेवून ‘हे तुला कसे कळले?’ एवढे विचारावे. असा एक कागद आठवड्याला पुरे, तोही मुठीच्या खेळात मूल पटकन उत्तर देऊ लागल्यानंतर.

माळेची मर्यादा कोणती?

रंग हा आधार आहे, पण त्याचीच सवय लागते. म्हणून काही आठवड्यांनी एकाच रंगाची माळ द्यावी, मग दहा चिंचोके किंवा बटणे, आणि शेवटी हातात काहीच न देता विचारावे. ‘दहा आणि शून्य’ ही जोडी शेवटी घ्यावी. रिकामी मूठ उघडल्यावर मूल ‘काहीच नाही’ म्हणते. त्या ‘काहीच नाही’ला शून्य म्हणतात, हे तेव्हा सांगता येते.

मग अडते कुठे?

जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात बालवाटिकेसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी, दहापर्यंतचे अंक ओळखणे आणि वाचणे अपेक्षित आहे. ९९पर्यंत वाचन-लेखन पहिलीत अपेक्षित आहे. तरीही अनेक खासगी बालवाड्या मोठ्या गटात शंभरपर्यंत लिहून घेतात, कारण भरलेली वही पालकांना दाखवता येते आणि मुठीचा खेळ वहीत उमटत नाही.

पालकांची मागणी चुकीची नाही. मूल काय शिकते, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. पण त्यासाठी शंभर अंकांची पाने भरण्यापेक्षा आठवड्याचा तो एक कागद घरी पाठवावा आणि त्याखाली ताईंनी एक ओळ लिहावी : ‘सहा-चार आणि पाच-पाच येते, सात-तीनला अजून मोजते.’ ही ओळ वाचून आई किंवा आजोबा घरी दहा चिंचोके घेऊन सात-तीनचाच खेळ खेळू शकतात. ‘शंभरपर्यंत येते’ या शेऱ्यावरून मात्र घरी नेमके काय करायचे, हे कोणालाच कळत नाही.