भावाभावांची भागीदारी तोंडी मोडली, तर उधारी कोणाच्या गळ्यात पडते?

समजा, दोन भावांचं सिमेंट-विटांचं दुकान आहे. थोरला शहापूरला बसतो, धाकटा मुरबाडला. नफा-तोटा निम्मा-निम्मा. दिवाळीत दोघं घरच्या घरी ठरवतात, 'आजपासून वेगळे.' दोन महिन्यांनी धाकटा जुन्याच फर्मच्या नावावर डीलरकडून उधारीवर माल उचलतो. डीलर पैसे थोरल्याकडे मागू शकतो का?

हो, मागू शकतो. भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 45 नुसार जाहीर सूचना दिली जाईपर्यंत भागीदाराने फर्मच्या नावावर केलेल्या व्यवहाराची जबाबदारी सगळ्यांवर राहते.

नोटीस कशी द्यायची?

नोटिसा दोन असतात. पहिली भागीदाराला. करारात मुदत ठरलेली नसेल, तर कलम 43 नुसार एका भागीदाराने बाकी सगळ्यांना लेखी कळवलं की फर्म मोडते. त्यात तारीख लिहा, कारण हिशेब त्या तारखेपर्यंतचा धरला जातो. पोचपावती जपून ठेवा.

दुसरी नोटीस बाहेरच्यांसाठी. ती राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात द्यावी लागते. फर्म नोंदणीकृत असेल, तर फर्म निबंधकांनाही कळवावं लागतं. जुनी देणी मात्र या नोटिशीने मिटत नाहीत.

पैसे कसे वाटायचे?

इथेच घरं फुटतात. समजा माल, टेम्पो विकून आणि उधारी वसूल करून 9 लाख जमले. डीलरचं देणं 3 लाख. थोरल्याने फर्मला 1 लाख उसने दिले होते. भांडवल थोरल्याचं 4 लाख, धाकट्याचं 2 लाख.

'उरलेले 6 लाख निम्मे करू' हा हिशेब चुकीचा. कलम 48 चा क्रम असा: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराचे उसने पैसे, मग भांडवल, आणि काही उरलं तर नफ्याच्या प्रमाणात वाटप.

डीलरचे 3 आणि उसना 1 लाख गेल्यावर 5 लाख उरतात. भांडवल 6 लाखांचं, म्हणजे तोटा 1 लाख. तो दोघांत 50-50 हजार. म्हणून भांडवलापोटी थोरल्याला साडेतीन लाख, धाकट्याला दीड लाख. उसने धरून थोरल्याचे साडेचार. सरळ निम्मे केले असते, तर थोरल्याचे दीड लाख बुडाले असते.

फर्मची नोंदणीच नसेल तर?

महाराष्ट्राने 1984 मध्ये कायद्यात कलम 69(2अ) घातलं होतं. त्यामुळे नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला हिशेबासाठी कोर्टात जाणं जवळपास बंद झालं होतं. व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे आता नोंदणी नसली तरी मोडलेल्या फर्मच्या हिशेबाचा दावा करता येतो. पण मुदत फर्म मोडल्यापासून 3 वर्षं. 'घरातलंच आहे, बघू' म्हणत ती निघून गेली, तर हक्काचा हिशेब मागण्याची वाटही बंद होते.