कोड एआयचा, जबाबदारी दुकानदाराची

भूमच्या खवा विक्रेत्याने एआयकडून ऑनलाइन दुकानाचा कोड लिहून घेतला, असे समजा. साइट सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासायलाच हव्यात.

संगणकावर पेजचा सोर्स आणि त्याच्या स्क्रिप्ट फाइल उघडून `secret` शोधा. रेझरपेची `key_id` तिथे दिसणारच. पण `key_secret` दिसली तर नुसती पुसून भागत नाही. ती कोडच्या जुन्या प्रतींत राहते. डॅशबोर्डवरून जुनी बंद करून नवी घ्या आणि ती फक्त सर्व्हरवर ठेवा.

बिलाची रक्कम सर्व्हरनेच काढावी. ब्राउझरने पाठवलेला आकडा मान्य केला, तर ६०० रुपयांचा खवा कोणीही १ रुपयात नेईल.

शेवटी लॉगिन न करता `/admin` उघडा. ऑर्डरी दिसल्या, तर ग्राहकांचे पत्ते आणि मोबाइल नंबर आधीच चव्हाट्यावर आले आहेत.