'शेख'ची स्पेलिंग

माझी एक जुनी विद्यार्थिनी चारठाण्यात घरी आली. हातात बी.ए.ची शेवटची गुणपत्रिका. दहावीपासून तिचं आडनाव SHAIKH, या कागदावर मात्र SHEKH. बी.एड.च्या प्रवेशाची कागदपत्रं तपासताना तिला अडवलं होतं. विद्यापीठाच्या खिडकीवर ती जाऊन आली, तर उत्तर मिळालं, "तुमच्या नावांचं असंच असतं, गॅझेट करून आणा."

उत्तर चुकीचं होतं. गॅझेट असतं नाव बदलणाऱ्यासाठी. तिने नाव बदललं नव्हतं. जे होतं तेच मागत होती. म्हणून अर्जाच्या विषयात 'बदल' हा शब्द येऊच द्यायचा नाही. आम्ही लिहिलं: "गुणपत्रिकेतील आडनावाच्या स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करून मिळणेबाबत."

त्याआधी सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जमिनीवर ओळीने मांडल्या. पहिल्या सत्रापासून चूक असती तर ती नोंदणीतच शिरली असं समजायचं, आणि मग सगळेच कागद दुरुस्तीला द्यावे लागतात. इथे पाच बरोबर होते, सहावाच चुकला होता. हेच आमचं सर्वांत भक्कम म्हणणं, म्हणून पत्राच्या पहिल्याच वाक्यात घातलं.

पत्र संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांच्या नावे, प्राचार्यांमार्फत. मजकूर साधा: "माझ्या दहावी, बारावी व सत्र १ ते ५ च्या गुणपत्रिकांवर आडनाव SHAIKH असे आहे. सत्र ६ च्या गुणपत्रिकेवर ते SHEKH असे छापले गेले आहे. कृपया दुरुस्त गुणपत्रिका मिळावी, ही विनंती." खाली कायम नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष. सोबत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि चुकलेली मूळ प्रत. मूळ प्रत जमा करावी लागते, म्हणून झेरॉक्स आधी काढून ठेवली आणि आवक क्रमांकाची पोच घेतली.

खिडकीवरच्या त्या वाक्याचा मला राग आलाच. पण आपल्याही घरात डोकावलं पाहिजे. आपल्या मराठवाड्यात शाळेच्या रजिस्टरवर आम्ही शिक्षकच 'शे.', 'स.', 'म.' लिहून मोकळे होतो. उर्दूत شیخ एकच, इंग्रजीत त्याचे Shaikh, Sheikh, Shekh, Sk. असे चार अवतार. वडिलांच्या आधारवर एक, मुलीच्या दाखल्यावर दुसरा. तिचे जुने कागद एकसारखे होते म्हणून आमचं काम सोपं झालं. दाखल्यातच घोळ असता तर विद्यापीठ त्याच्याकडेच बोट दाखवणार, आणि शाळा सुटल्यावर दाखल्यातलं नाव दुरुस्त करणं फार जड जातं.

दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाकडून प्री-लिस्ट तपासायला येते. आमच्याकडे ती बहुधा क्लार्क पाहतो आणि मुख्याध्यापक सही करतात. यंदा मी ती वर्गात नेणार आहे. प्रत्येकाने आपलं नाव, बापाचं नाव, आईचं नाव अक्षर अक्षर वाचायचं आणि आपल्या हाताने सही करायची.

तिची दुरुस्त गुणपत्रिका अजून आलेली नाही. पोचपावती मात्र तिच्या पर्समध्ये आहे.